abc वरून मराठी टाइप करताना शब्दाच्या जागी इमोजी येतो, त्यावर उपाय

हा प्रॉब्लेम आपल्याकडे रामनवमी, चवथ आणि वास्कोचा सप्ताह या दिवसांत जास्त दिसतो, कारण तेव्हाच भजनी मंडळांचे, देवळाच्या कमिटीचे आणि घरच्या ग्रुपचे लांब मेसेज मराठीत लिहिले जातात. लिहिणारा माणूस इंग्रजी अक्षरं दाबतो, वरच्या पट्टीत मराठी शब्द येतात, त्यातला एक तो निवडतो आणि पुढे जातो. मेसेज गेल्यावर कुणीतरी विचारतं की एक शब्दच गायब आहे आणि त्याच्या जागी प्राण्याचं चित्र का आहे. बरेच जण याला फोन बिघडला म्हणतात, काही जण व्हायरस आला म्हणतात, आणि काही जण कंटाळून परत सगळं इंग्रजी अक्षरांत लिहायला लागतात. मला सगळ्यात जास्त वाईट या शेवटच्या गोष्टीचं वाटतं, कारण यामागचं कारण एकदा कळलं की हे थांबवायला फार काही लागत नाही.

एक खरा मेसेज घेऊन बघू. आमच्या मंडळातल्या वहिनींना लिहायचं होतं: उद्या राम नवमी, सकाळी 10 वाजता देवळात भजन, म्हापशाहून बसने येणाऱ्यांनी फोंडा स्टँडवर उतरा, सून आणि मुलांना घेऊन या. ग्रुपवर पोचलं ते असं:

उद्या 🐏 नवमी, सकाळी 10 वाजता देवळात भजन, मापुसाहून बसने येणाऱ्यांनी पोंडा स्टँडवर उतरा, ☀️ आणि मुलांना घेऊन या 🙏

शेवटचे जोडलेले हात त्यांनी मुद्दाम टाकलेले, बाकी दोन इमोजी नाही. "दादा, मी राम लिहिलेलं, हा मेंढा कुठून आला?" असं त्यांनी विचारलं, आणि प्रश्न अगदी बरोबर होता कारण त्यांनी खरंच राम लिहिलेलं.

आता हे का होतं ते बघा. abc → मराठी असा लेआउट असतो तेव्हा तुम्ही r, a, m दाबता आणि स्पेस दाबेपर्यंत तो शब्द कच्चा असतो, म्हणजे त्याच्याखाली रेघ दिसते आणि कीबोर्ड अजून ठरवत असतो की तुम्हाला काय हवंय. त्या वेळी त्याच्या हातात फक्त ram ही तीन इंग्रजी अक्षरं असतात. तो त्यांना मराठीत वाचून राम, रम असे शब्द पट्टीत मांडतो, शिवाय ram तसंच ठेवायचा पर्यायही देतो, आणि इमोजी सूचना चालू असेल तर त्याच तीन अक्षरांवरून इमोजीही शोधतो. युनिकोडात 🐏 या चिन्हाचं अधिकृत नावच RAM आहे, म्हणजे नर मेंढा, त्यामुळे तो लगेच सापडतो. कीबोर्डच्या मराठी भागाला राम कळला, इमोजीच्या भागाला इंग्रजी ram कळला, आणि दोघांनी आपापलं उत्तर एकाच पट्टीत शेजारी शेजारी ठेवलं. शब्द कच्चा असताना त्या पट्टीतल्या ज्याला बोट लागेल ते त्या कच्च्या शब्दाच्या जागी बसतं. घाईत टाइप करणारा माणूस पट्टीत तिसरीकडे बोट मारतो, कारण मघाशी तिथे हवा तो शब्द होता, आणि नेमका तिथे आता मेंढा असतो.

सून हा शब्दही असाच गेला. sun दाबलं की मराठी भाग सून म्हणतो आणि इमोजी भाग सूर्य काढतो. असे शब्द आपल्या रोजच्या बोलण्यात भरपूर आहेत, एकदा लक्षात आले की परत फसायला होत नाही. हात लिहायला hat दाबलं की टोपी, पण किंवा पान लिहायला pan दाबलं की तव्यातलं अंडं, अंत लिहायला ant दाबलं की मुंगी, मन लिहायला man दाबलं की माणूस, माप लिहायला map दाबलं की नकाशा, बी लिहायला bee दाबलं की मधमाशी. हे सगळे छोटे शब्द आहेत आणि त्यातच सगळी गोम आहे, कारण इंग्रजीतल्या इमोजीच्या नावांतही तीन-चार अक्षरांचे शब्द भरपूर असतात. devlat किंवा ghevun सारख्या लांब शब्दाला इंग्रजीत काही अर्थ नाही, त्यामुळे तिथे हा गोंधळ होतच नाही. मेसेजमध्ये नेमके छोटे शब्दच का बिघडतात आणि लांब शब्द का नीट राहतात याचं कारण हे.

तुमच्या फोनवरही हेच चाललंय का ते ओळखायची सोपी पद्धत आहे. कुठल्याही रिकाम्या मेसेजमध्ये sun टाइप करा पण स्पेस दाबू नका, पट्टी नीट बघा. सूर्य दिसला तर आता स्पेस दाबा म्हणजे सून पक्का होईल, आणि परत पट्टी बघा. स्पेसच्या आधी सूर्य होता आणि नंतर गेला तर इमोजी इंग्रजी अक्षरांवरून येतोय, म्हणजे वर सांगितलेलंच कारण. स्पेसनंतरही मराठी शब्दाला शोभेल असा इमोजी येत असेल, म्हणजे पाऊस लिहिल्यावर ढग वगैरे, तर तो मराठीवरून येतोय आणि त्याचा त्रास नाही, कारण तेव्हा शब्द आधीच बसलेला असतो आणि इमोजी त्याच्या पुढे जोडला जातो, त्याच्या जागी नाही. मराठीतून इमोजी शोधता यावा म्हणून युनिकोडच्या सीएलडीआर नावाच्या साठ्यात प्रत्येक इमोजीला मराठी नाव आणि मराठी कीवर्ड दिलेले असतात, कोंकणीतही दिलेले असतात. म्हणजे मराठी आणि इमोजी यांचं मुळात काही वाकडं नाही, भानगड फक्त शब्द कच्चा असतानाच्या त्या दोन सेकंदांत आहे.

यावर पहिला उपाय सवयीचा आणि तो कुठल्याही फोनवर चालतो: आधी स्पेस, मग इमोजी. शब्द टाइप केला, पट्टीत पहिला शब्द बरोबर असेल तर पट्टीला हातच न लावता सरळ स्पेस दाबायचा, कारण स्पेस दाबल्यावर पहिला मराठी शब्दच बसतो. पट्टीला बोट फक्त तेव्हाच लावायचं जेव्हा पहिला शब्द चुकीचा आहे आणि दुसरा हवाय. इमोजी हवा असेल तर स्पेसनंतर इमोजीच्या बटणातून घ्यायचा. वहिनींना मी एवढंच सांगितलं आणि त्यांचा निम्मा त्रास तिथेच संपला, कारण त्या प्रत्येक शब्दाला पट्टीत बोट मारायच्या.

दुसरा उपाय सेटिंगचा. जीबोर्ड असेल तर कीबोर्डवरचं स्वल्पविरामाचं बटण दाबून धरल्यावर गिअर येतो, किंवा पट्टीतल्या मेन्यूतून सेटिंगमध्ये जाता येतं. तिथे इमोजी, स्टिकर आणि जीआयएफचा विभाग आहे, त्यात टाइप करताना इमोजी सुचवायचा पर्याय शोधून बंद करायचा. व्हर्जनप्रमाणे हा पर्याय थोडा वर-खाली असतो आणि काही फोनवर Text correction मध्ये सापडतो, तर दोन्हीकडे बघा. हे बंद केल्याने इमोजी जात नाहीत, इमोजीचं बटण आणि सगळे इमोजी तसेच राहतात, फक्त ते मराठी शब्दांच्या रांगेत येऊन बसायचे थांबतात. वयस्कर माणसांच्या फोनवर मी हे सरळ बंदच करून देतो, कारण त्यांना पट्टीतून इमोजी घ्यायची सवयच नसते आणि जोडलेले हात आणि फूल एवढंच त्यांना लागतं, ते बटणात अलीकडे वापरलेल्यांत वरच सापडतं. आयफोनवर वेगळा मराठी लेआउट असेल तरी तत्त्व तेच: Settings, मग General, मग Keyboard, तिथे Predictive Text बंद केलं की पट्टीतले इमोजी जातात, पण सोबत शब्दांच्या सूचनाही जातात, त्यामुळे आयफोनवाल्यांनी आधी स्पेसची सवयच लावून बघावी.

आता चूक झालीच आणि पाठवायच्या आधी दिसली, तर दुरुस्त कशी करायची, कारण इथेही लोक आणखी गोंधळ करतात. इमोजी पुसायला एकदा बॅकस्पेस पुरतो, 🐏 पूर्ण जातो. मराठी शब्द मात्र तसा पुसला जात नाही. नवमी वर एकदा बॅकस्पेस दाबला तर फक्त वेलांटी जाते आणि नवम राहतं, परत दाबला तर म जातो. पक्का झालेला मराठी शब्द बऱ्याच कीबोर्डांवर परत इंग्रजी अक्षरांत उघडत नाही, म्हणून नवम च्या पुढे i दाबून नवमी होईल असं समजू नका, तिथे बहुतेक वेळा वेगळी इ येऊन नवमइ असं काहीतरी बसतं. अख्खा शब्द निवडून पुसायचा आणि पहिल्यापासून navami टाइप करायचा, हे सगळ्यात लवकर होतं. आणि मध्येच राम घालायचा असेल तर कर्सर नवमी च्या अगदी चिकटून ठेवू नका, आधी एक स्पेस द्या, मग त्या स्पेसच्या अलीकडे ram टाइप करून पुढचा स्पेस द्या. चिकटून टाइप केलं तर कीबोर्ड कधी कधी पुढच्या मराठी शब्दालाही त्याच्यात ओढतो.

पाठवून झाल्यावर दिसलं तर व्हॉट्सॲपवर 15 मिनिटांच्या आत मेसेज दाबून धरून एडिट करता येतो. पण एक लक्षात ठेवा, ज्यांनी आधीच नोटिफिकेशनमध्ये वाचून फोन खाली ठेवला त्यांना एडिट झाल्याचं वेगळं नोटिफिकेशन जात नाही. त्यामुळे वेळ किंवा जागा चुकली असेल तर एडिटवर भागवू नका, दुरुस्त मेसेज परत पाठवा.

आता त्या मेसेजमधला दुसरा भाग, मापुसा आणि पोंडा. हा आपला खास गोव्याचा त्रास आहे आणि इमोजीपेक्षा जास्त चिवट आहे. आपल्या गावांची इंग्रजी स्पेलिंग पोर्तुगीज वळणाची आहेत आणि आपण ती बोर्डावर, बसवर, बिलावर वाचत मोठे झालो, त्यामुळे टाइप करतानाही बोटं तीच स्पेलिंग दाबतात. कीबोर्ड मात्र अक्षराला अक्षर लावतो. Mapusa दिलं की मापुसा, Ponda दिलं की पोंडा, Bicholim दिलं की बिचोलिम, Quepem दिलं की क्वेपेम असं काहीतरी. म्हापसा, फोंडा, डिचोली, केपे हे त्याला त्या स्पेलिंगवरून कळणार नाही, कारण त्या स्पेलिंगमध्ये ते आवाजच नाहीत. म्हणून गाव मराठीत लिहायचं असेल तर बोर्डावरची स्पेलिंग विसरून आवाज टाइप करा: mhapsa, phonda, dicholi, kepe, pedne, kankon, kudchade, valpai. पट्टीत पहिल्यांदा नाही आलं तर दुसरा-तिसरा पर्याय बघा आणि निवडा, एकदा-दोनदा निवडल्यावर कीबोर्ड सहसा तो लक्षात ठेवतो. पुढे विभक्ती लागली की शब्द बदलतो हेही ध्यानात ठेवा, फोंडा आणि ला मिळून फोंड्याला होतं, म्हणून phondyala असं पूर्ण टाइप केलेलं बरं, phonda आणि la वेगळं केलं तर फोंडा ला असं तुटकं राहतं.

सारखी लागणारी गावं आणि देवळांची नावं असतील तर पर्सनल डिक्शनरीत घालून ठेवा. जीबोर्डच्या सेटिंगमध्ये Dictionary, मग Personal dictionary, मग मराठी, तिथे अधिकच्या चिन्हावर टॅप करून शब्दाच्या रकान्यात म्हापसा आणि शॉर्टकटच्या रकान्यात छोटी अक्षरं. शॉर्टकट निवडताना एक काळजी घ्या, तो कुठलाही इंग्रजी शब्द नको, नाहीतर परत इमोजी तिथे येऊन बसेल. map असा शॉर्टकट म्हापशासाठी ठेवला तर नकाशा हमखास येणार, त्याऐवजी mhp ठेवा. घातल्यावर लगेच एकदा टाइप करून बघा की पट्टीत येतोय का. मराठीखाली घातलेला दिसत नसेल तर तोच शब्द सगळ्या भाषांसाठीच्या यादीत घालून बघा.

आता मिश्र लिपीचं मुख्य दुखणं: इंग्रजी शब्द इंग्रजीतच ठेवायचा आणि त्याला मराठी प्रत्यय लावायचा. कमिटीच्या मेसेजमध्ये OTP, UPI, QR हे रोज येतात आणि कुणी UPI ला मराठीत यूपीआय लिहितं, कुणी तसंच ठेवतं, दोन्ही चालतं. तसंच ठेवायचं असेल तर पट्टीतून इंग्रजी पर्याय निवडता येतो, पण निवडला की कीबोर्ड आपोआप पुढे स्पेस घालतो आणि मग ने टाइप केलं की UPI ने असं तुटकं होतं. ते जोडायला लोक आधी स्पेस पुसतात आणि मग ne टाइप करतात, आणि तिथेच फसतात, कारण आता कर्सर इंग्रजी अक्षरांना चिकटलेला असतो आणि कीबोर्डला वाटतं UPIne हा एकच शब्द चालू आहे, मग तो सगळंच मराठीत करून उपिने असं काहीतरी देतो. यावर क्रम उलटा करा. UPI घ्या, स्पेस राहू द्या, ne टाइप करून स्पेसने ने पक्का करा, आणि मग शेवटी कर्सर मध्ये नेऊन मधला स्पेस पुसा. दोन्ही बाजू पक्क्या झाल्यावर स्पेस पुसला तर काही बदलत नाही आणि UPIने असं नीट राहतं. हे दिसायला वळसा वाटतो पण त्याने चूक होत नाही, आणि मोठ्या मेसेजमध्ये असे शब्द दोन-चारच असतात.

खूप इंग्रजी असेल, म्हणजे अख्खं वाक्य किंवा पत्ता, तर abc लेआउटमधून जबरदस्तीने काढत बसू नका. पृथ्वीगोलाचं बटण दाबून इंग्रजीवर जा, ते वाक्य लिहा, परत या. माझं मत आहे की एका वाक्यात दोन्ही लिप्या मिसळण्यापेक्षा वाक्यागणिक बदलणं वाचणाऱ्याला सोपं जातं. आणि इंग्रजीवर असताना इमोजीच्या सूचना आल्या तर त्या निदान इंग्रजी शब्दालाच आलेल्या असतात, त्यामुळे भलताच अर्थ निघत नाही.

रोमी कोंकणी टाकायची असेल तर हे आणखी लागू पडतं. आपल्या बऱ्याच घरांत मेसेज मराठीत आणि शेवट कोंकणीत असतो, आणि ख्रिस्ती शेजाऱ्यांना पाठवताना तर रोमीतच लिहितो, कारण ते रोमीत वाचतात. रोमीत Dev borem korum असं लिहितात, आणि शेवटचा m तिथे म नाही, तो नाकातला आवाज दाखवायला आहे. abc → मराठी लेआउटला हे माहीत नाही, तो देव बोरेम कोरूम करून टाकतो, आणि देव बरें करूं वाचणाऱ्याला ते विचित्र दिसतं. म्हणून रोमी कायम इंग्रजी लेआउटवरून, आणि तिथे ऑटोकरेक्ट चालू असेल तर borem चं दुसरंच काही होत नाही ना ते पाठवायच्या आधी बघा. कोंकणी देवनागरीत हवी असेल तर कीबोर्डमध्ये कोंकणी वेगळी भाषा म्हणून जोडा, मराठीच्या यादीत कोंकणी शब्द शिकवत बसलात तर नंतर मराठी टाइप करताना बरा च्या जागी बरें पुढे यायला लागतं.

एक तक्रार वारंवार येते की मेसेज नीट लिहिला होता पण समोरच्याला चौकोन दिसतात. इथे आधी बघायचं की चौकोन कुठे आहे. मराठी अक्षरं नीट दिसत असतील आणि चौकोन फक्त इमोजीच्या जागी असेल तर समोरच्याचा फोन जुना आहे, बाकी काही नाही. आपल्या लोकांच्या आवडीचे दोन इमोजी, देऊळ 🛕 आणि पणती 🪔, हे 2019 मध्ये आलेल्या इमोजींपैकी आहेत, त्यामुळे त्याआधीच्या आणि अपडेट न झालेल्या फोनवर ते दिसणारच नाहीत, आणि तुम्ही कीबोर्डमध्ये काहीही केलं तरी फरक पडणार नाही. मंडळात जुने फोन असतील तर 🙏 आणि 🌺 पुरेसे आहेत, ते फार आधीपासून आहेत आणि सगळीकडे दिसतात.

दुसरी एक खूण मात्र वेगळं काहीतरी सांगते. मेसेजमध्ये येणाऱ्यांनी च्या जागी येणार्यांनी असं दिसतंय आणि त्याच मेसेजमध्ये कुटुंबाचा एक इमोजी 👨‍👩‍👧 तीन वेगवेगळ्या चेहऱ्यांत फुटलाय, असं दोन्ही एकत्र झालं तर कारण एकच असतं. मराठीतला हा अर्धा र लिहायच्या दोन पद्धती आहेत, त्यातल्या एका पद्धतीत र आणि हलन्तानंतर एक न दिसणारं जोडचिन्ह असतं, त्याचा नंबर U+200D. कुटुंबाच्या इमोजीतही बाप, आई आणि मुलगी यांना एकत्र बांधणारं चिन्ह तेच, U+200D. मेसेज मध्येच एखाद्या ॲपमधून किंवा वेबसाइटच्या फॉर्ममधून फिरून आला, जसं की कुणी आमंत्रण एका बल्क मेसेजच्या फॉर्ममध्ये पेस्ट केलं, आणि त्या फॉर्मने न दिसणारी चिन्हं कचरा समजून काढून टाकली, तर दोन्ही एकदमच तुटतात. नुसता इमोजी फुटला आणि मराठी नीट असेल तर बहुतेक वेळा परत जुना फोनच, पण दोन्ही तुटले असतील तर मधल्या त्या पायरीला धरा. अशा वेळी मेसेज परत टाइप करायची गरज नाही, पहिल्या माणसाच्या फोनवरून मूळ मेसेज थेट फॉरवर्ड करा, किंवा फॉर्ममध्ये टाकायचाच असेल तर कुटुंबाचा इमोजी काढा आणि येणाऱ्यांनी कीबोर्डवरून नव्याने टाइप करून बघा, बरेच कीबोर्ड आता ऱ हे नुक्त्याचं अक्षर वापरून लिहितात आणि त्यात ते जोडचिन्ह लागतच नाही.

शोधताना होणाऱ्या त्रासाकडे फार कमी जण लक्ष देतात. पुढच्या वर्षी कुणी ग्रुपमध्ये मागच्या रामनवमीचा मेसेज शोधेल, कुठल्या वेळी भजन होतं, कुणाचा पखवाज होता ते बघायला. तो शोधात रामनवमी टाइप करेल आणि त्याला 🐏 नवमी सापडणार नाही, Ramnavami ही सापडणार नाही, राम आणि नवमी मध्ये स्पेस असेल तरी जोडून शोधल्यावर नाही सापडणार, कारण शोध अक्षराला अक्षर जुळवतो, आवाजाला नाही. म्हणून मी आमच्या मंडळात एक पद्धत लावलीय, ती इथेही सुचवतो: ज्या तीन गोष्टी नंतर शोधल्या जातात, म्हणजे कार्यक्रम, गाव आणि तारीख, त्या मेसेजच्या पहिल्या ओळीत पूर्ण देवनागरीत, इमोजीशिवाय. बाकी ओळींत काय हवं ते मिसळा. डोळ्यांनी कमी दिसणारे काका फोनला मेसेज वाचायला लावतात, त्यांनाही ही पहिली ओळ सरळ ऐकू येते, मध्येच इमोजीची नावं वाचली जात नाहीत.

त्या हिशेबाने वहिनींचा मेसेज शेवटी असा गेला, इमोजी सूचना बंद, आधी स्पेसची सवय, आणि गावांची नावं आवाजावरून:

रामनवमी भजन, फोंडा, उद्या सकाळी 10 वाजता. म्हापशाहून बसने येणाऱ्यांनी फोंडा स्टँडवर उतरा. सून आणि मुलांना घेऊन या. वर्गणी UPIने चालेल 🙏

हे सगळं करूनही काही महिन्यांनी परत मेंढा दिसला तर घाबरू नका, आधी सेटिंग बघा. कीबोर्ड ॲप अपडेट झाल्यावर किंवा नवा फोन घेतल्यावर इमोजी सूचना पुन्हा चालू झालेली असू शकते, आणि नव्या फोनवर तर कधी कधी abc लेआउटऐवजी दुसराच मराठी लेआउट आलेला असतो. स्पेस न दाबता sun टाइप करून पट्टी बघितली की काय बदललंय ते लगेच कळतं. तिथे सूर्य नसूनही चुकीचे मराठी शब्दच वर येत असतील तर ती शिकलेल्या शब्दांची भानगड आहे, नको असलेला शब्द पट्टीत दाबून धरला की तो काढायचा डबा दिसतो, त्यात ओढून टाका. एक-एक काढून भागत नसेल तर सेटिंगमध्ये Delete learned words and data आहे, पण ते वापरलं तर तुम्ही शिकवलेली सगळी नावंही जातील, त्यामुळे पर्सनल डिक्शनरीत काय काय घातलंय त्याचा आधी एक स्क्रीनशॉट काढून ठेवा.